सायकलचोरीचा हिशेब

इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत 'सायकल स्टीलिंग म्हणजे काय?' असं विचारलं की मागच्या बाकावर कोणीतरी हमखास हसतं. सायकलचोरी! त्यात ज्या मार्गावर ही चोरी होते त्याचं नाव 'बस'. हसू ओसरलं की पाठ केलेलं उत्तर येतं : 'बर्स्ट मोडमध्ये डीएमए बस धरून ठेवतो, सायकल स्टीलिंगमध्ये एकेक सायकल घेऊन सोडतो.' उत्तर बरोबरच असतं. 'मग यातलं चांगलं कोणतं?' असं पुढे विचारलं की मात्र शांतता पसरते.

एक जुनं, पण सगळं उघड दिसणारं यंत्र घेऊ. 1981 चा आयबीएम पीसी. त्यात इंटेलचा 8088 प्रोसेसर, घड्याळ 4.77 मेगाहर्ट्झचं, म्हणजे एक टिक साधारण 0.21 मायक्रोसेकंदाची. प्रोसेसर, मेमरी आणि बाकीची उपकरणं एकाच बसवर, म्हणजे तारांच्या एकाच जुडग्यावर जोडलेली. या तारांवर एका वेळी एकालाच बोलता येतं. फ्लॉपीवरचा मजकूर मेमरीत न्यायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडू नये म्हणून इंटेलचीच 8237 ही डीएमए चिप बसवलेली आहे.

फ्लॉपी फिरताना दर 32 मायक्रोसेकंदांनी एक बाइट बाहेर पडते. ती आली की फ्लॉपीचा कंट्रोलर 8237 ला हाक मारतो, 8237 बस मागते, आणि प्रोसेसरच्या बाजूने मंजुरी आली की बाइट थेट मेमरीत जाते. या कामाला पाच टिक लागतात, म्हणजे साधारण एक मायक्रोसेकंद. लगेच बस परत. पुढची बाइट यायला अजून 31 मायक्रोसेकंद आहेत आणि तेवढा वेळ बस प्रोसेसरची. हीच ती सायकलचोरी. चोरी कसली, सव्वातीन टक्क्यांची वर्गणी आहे!

प्रोसेसरला ही वर्गणी फारशी जाणवतही नाही. 8088 पुढच्या सूचनांच्या चार बाइट्स आधीच आणून स्वतःजवळ ठेवतो. तो एखादा गुणाकार करत असेल, तर साध्या आठ बिटांच्या गुणाकारालाच सत्तरहून जास्त टिक लागतात. तेवढ्यात कोणी पाच टिक बस वापरून गेलं तर त्याला पत्ताही लागत नाही. त्याला नेमकी त्याच क्षणी बस हवी असेल तरच तो थबकतो, आणि तेही क्षणभर.

8237 ने कसं वागायचं हे एका बाइटमध्ये लिहून दिलेलं असतं. फ्लॉपी वाचताना आयबीएमचा बायोस हे लिहितो :

```
mov al, 46h
out 0Bh, al
```

या `46h` मधले सर्वांत वरचे दोन बिट 01 आहेत. त्यांचा अर्थ 'एक बाइट ने आणि बस सोड'. तेच दोन बिट 10 केले, म्हणजे `86h` लिहिलं, की चिप ब्लॉक मोडमध्ये जाते : एकदा बस हाती आली की ठरलेला आकडा पुरा होईपर्यंत ती सोडायची नाही. पुस्तकातला बर्स्ट मोड तो हाच.

आता मुद्दाम चूक करून पाहू. फ्लॉपीसाठी `86h` लिहिलं तर? पहिली फजिती लगेच होते. ब्लॉक मोडमधली 8237 सुरुवात झाल्यावर 'पुढची बाइट तयार आहे का' असं विचारत बसत नाही. फ्लॉपीच्या 512 बाइट्सच्या सेक्टरला तबकडीवरून यायला 16 मिलिसेकंद लागतात आणि चिप अर्ध्या मिलिसेकंदात 512 फेऱ्या मारून मोकळी होते. पहिली बाइट खरी, बाकी कचरा.

दुसरी फजिती चटकन दिसत नाही, आणि मला ती जास्त शिकवणारी वाटते. या पीसीच्या मेमरीतल्या 128 ओळींपैकी प्रत्येकीला दर दोन मिलिसेकंदांच्या आत उजाळा द्यावा लागतो, नाहीतर तिच्यातला विद्युतभार गळून जातो. तो उजाळाही 8237 च देते. तिचा शून्य क्रमांकाचा चॅनेल दर 15 मायक्रोसेकंदांनी बस मागून एकेक ओळ ताजी करतो. 128 गुणिले 15.1 म्हणजे 1.93 मिलिसेकंद, दोनच्या मर्यादेत जेमतेम बसणारा हिशेब. शून्य क्रमांकाचा मान सर्वांत वरचा खरा, पण कोणाला आधी हे ठरतं ते बस मोकळी झाल्यावरच. मधल्या ब्लॉकला तोही अडवू शकत नाही. अर्धा मिलिसेकंद बस अडली की उजाळ्याची फेरी जवळपास अडीच मिलिसेकंदांवर जाते.

बहुतेक चिपा साध्या तापमानाला याहून जास्त वेळ तग धरतात. म्हणून यंत्र सकाळी नीट चालतं, दुपारी तापल्यावर केव्हातरी पडद्यावर `PARITY CHECK 1` उमटतं आणि सगळं ठप्प. अशा वेळी बिचाऱ्या मेमरीला दोष देऊन चिपा बदलल्या जातात. ऑसिलोस्कोपचं टोक बसच्या मंजुरीच्या तारेला लावलं, तर खरं कारण दिसतं. सायकलचोरीत 32 मायक्रोसेकंदांच्या अंतराने बारीक काटे दिसतात, ब्लॉकमध्ये सलग पठार.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. 512 बाइट्ससाठी बस लागते ती दोन्ही पद्धतींत जवळपास तेवढीच, अर्धा मिलिसेकंद. सायकलचोरीत ती 16 मिलिसेकंदांवर पसरते, बर्स्टमध्ये एकगठ्ठा जाते. प्रोसेसर किती वेळ गमावतो यापेक्षा तो सलग किती वेळ थांबतो, हा इथे कळीचा प्रश्न आहे.

मग बर्स्ट हवाच कशाला? कारण बस मागणं आणि मंजुरी मिळवणं यालाही टिक लागतात. सायकलचोरीत तो खर्च दर बाइटला होतो, बर्स्टमध्ये एकदाच. ज्या उपकरणाकडे स्वतःचा बफर आहे, आधी अख्खा सेक्टर गोळा करून मग देण्याची सोय आहे, त्याने बाइटागणिक दार ठोठावण्यात शहाणपणा नाही. पुढे आलेल्या पीसीआय बसची तर रचनाच बर्स्टभोवती आहे : पत्ता एकदा सांगायचा आणि मागोमाग दर टिकेला चार बाइट्स. 33 मेगाहर्ट्झला सेकंदाला 133 मेगाबाइट्सचा जो आकडा छापला जायचा, तो लांब बर्स्ट चालला तरच जवळपास गाठता येतो.

पण लांब म्हणजे किती? पीसीआयवर यासाठी 'लेटन्सी टायमर' आहे. तो संपला आणि दुसऱ्या कोणाला बस हवी असली, तर चालू बर्स्ट आवरता घ्यावा लागतो. 64 टिकांचा टायमर म्हणजे सुमारे दोन मायक्रोसेकंद. तो फार मोठा ठेवला की साउंड कार्डाला आपली पाळी वेळेवर मिळत नाही, त्याचा छोटा बफर रिकामा पडतो आणि गाण्यात कडकड ऐकू येते. फार लहान ठेवला की डिस्कचे बर्स्ट तुटून तिचा वेग घसरतो.

घरात एखादा जुना पीसीआयवाला डबा पडला असेल आणि त्यावर लिनक्स चालत असेल, तर `lspci -v` असं टाइप करून पाहा. बहुतेक कार्डांपुढे latency आणि एक आकडा दिसेल. नव्या यंत्रांत तो शोधायला जाऊ नका. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र तारा असतात, आणि तिथे हा टायमर कायमचा शून्यावर बांधलेला आहे.