मोमेंट म्हणजे क्षण नव्हे

गेल्या वर्षी अकरावीतल्या एका मुलीची भौतिकशास्त्राची वही तपासत होतो. ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ या शब्दांखाली तिने पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘जडत्वाचा क्षण?’ शेवटच्या प्रश्नचिन्हाने मला थांबवलं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या त्या मुलीला जडत्व पक्कं ठाऊक होतं आणि मोमेंट म्हणजे क्षण हेही. दोन्ही अर्थ बरोबर असूनही जोडणीतून भलतंच निघालं होतं, आणि ते भलतं आहे हे तिलाही जाणवत होतं.

महाराष्ट्रात अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजीतून शिकवलं जातं. राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाचा पहिलाच धडा ‘रोटेशनल डायनॅमिक्स’ आहे, आणि नीट, जेईई, सीईटी या तिन्ही परीक्षांत या भागावर प्रश्न येतात. मराठी माध्यमाच्या मुलांना यातली अवघड नावं फारशी छळत नाहीत. ‘टॉर्क’ हा शब्द कोराच असतो, तो नव्याने शिकला जातो. घात होतो तो ओळखीच्या शब्दांनी. मोमेंट, रिव्होल्यूशन, रेस्ट, अबाउट हे शब्द मुलांना आधीच येत असतात, पण दुसऱ्या अर्थाने.

आधी मोमेंट घेऊ. मोमेंट आणि मोमेंटम हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आले. हालचाल आणि हलवण्याची ताकद असे त्याचे अर्थ होते, कालाचा बारीक तुकडा हाही त्याचाच एक अर्थ. भौतिकशास्त्राने ताकदीचा अर्थ उचलला आणि बोलीभाषेने काळाचा. मराठीत ‘मोमेंट’ला आघूर्ण म्हणतात. त्यात ‘घूर्ण’ आहे, म्हणजे गरगर फिरणं, त्यामुळे हा शब्द आपला अर्थ स्वतःच सांगतो. जात्याचा खुंटा कडेला का बसवतात ते आठवा. तोच खुंटा मध्याजवळ असता तर तेवढ्याच जोराने जातं हललंही नसतं. जोर किती आणि तो अक्षापासून किती लांब लावला, या दोहोंच्या गुणाकाराला बलाचं आघूर्ण, म्हणजेच टॉर्क म्हणतात. जोर आऱ्याशी काटकोनात असेल तर हा गुणाकार सरळ करता येतो.

मग मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे जडत्वाचं आघूर्ण. फिरवायला किंवा फिरतं थांबवायला वस्तू किती कुरकुर करते, त्याचं हे माप. ते नुसत्या वजनावर ठरत नाही, वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरलंय यावरही ठरतं. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाचं जड चाक पाहिलं असेल, तर त्याचं बहुतेक लोखंड कडेला असतं. इंधन बंद केल्यावरही ते चाक बराच वेळ फिरत राहतं, ते याच कारणाने.

आता एक प्रश्न शब्दाशब्दाने सोडवू. ‘अ फ्लायव्हील ऑफ मास 20 किलोग्रॅम अँड रेडियस ऑफ जायरेशन 0.5 मीटर मेक्स 300 रिव्होल्यूशन्स पर मिनिट अबाउट इट्स ॲक्सिस. अ कॉन्स्टंट टॉर्क ब्रिंग्ज इट टू रेस्ट इन 10 सेकंड्स. फाइंड द टॉर्क.’

पहिला अडथळा रिव्होल्यूशनचा. भूगोलात शिकवलेलं असतं की पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन म्हणजे रोटेशन, आणि सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण म्हणजे रिव्होल्यूशन. मुलगा ते आठवून विचारतो, “सर, चाक कशाभोवती परिभ्रमण करतंय?” इथे रिव्होल्यूशन म्हणजे नुसता एक फेरा. मिनिटाला 300 फेरे, म्हणजे सेकंदाला 5. एका फेऱ्यात 2π रेडियन, म्हणून कोनीय वेग ω = 2π × 5 = 31.4 रेडियन प्रति सेकंद.

दुसरा अडथळा रेडियस ऑफ जायरेशन. त्याला मराठीत घूर्णन त्रिज्या म्हणता येईल, पण ही चाकाची त्रिज्या नव्हे. सगळं वस्तुमान एका बारीक कड्यात गोळा केलं तर ते कडं अक्षापासून किती अंतरावर ठेवल्यावर जडत्व आघूर्ण तेवढंच राहील, ते हे अंतर. म्हणून सूत्र सरळ I = Mk². इथे I = 20 × 0.25 = 5 किलोग्रॅम-मीटर वर्ग.

राहिलं ‘टू रेस्ट’. विश्रांती नव्हे, शेवटचा कोनीय वेग शून्य. ‘कॉन्स्टंट’ आहे म्हणून वेग एकसारखा घटतो: 31.4 भागिले 10, म्हणजे कोनीय त्वरण 3.14. मग τ = Iα = 5 × 3.14 = 15.7 न्यूटन-मीटर.

खरी गंमत चुकलेल्या उत्तरांत आहे. उत्तर 150 आलं, तर 300 हाच आकडा थेट ω म्हणून वापरला गेला. 2.5 आलं, तर फेरे सेकंदात आणले पण 2π विसरला. 7.85 आलं, म्हणजे नेमकं निम्मं, तर घूर्णन त्रिज्येला चकतीची त्रिज्या समजून ½MR² लावलं. बहुपर्यायी परीक्षेत असेच आकडे पर्यायांत मांडलेले असतात, म्हणून चुकीचं उत्तर पर्यायांत सापडलं की मुलाला ते बरोबरच वाटतं. कोणता शब्द चुकला ते त्याच्या उत्तराच्या आकड्यावरून कळतं.

आणखी एक शब्द बहुतेकांच्या नजरेतून निसटतो, ‘अबाउट’. शाळेत तो ‘विषयी’ म्हणून शिकलेला असतो, इथे त्याचा अर्थ ‘भोवती’. एकाच चकतीचं जडत्व आघूर्ण मध्यातून जाणाऱ्या, पृष्ठाला लंब अक्षाभोवती ½MR² असतं आणि व्यासाभोवती ¼MR². ‘अबाउट’ पुढचे दोन-चार शब्द गाळले की उत्तर थेट दुप्पट किंवा निम्मं होतं. म्हणून मी मुलांना सुटे शब्द पाठ करू देत नाही. वहीत तीन रकाने करायला सांगतो. पहिल्यात इंग्रजी शब्द त्याच्या पूर्ण जोडीसकट, म्हणजे ‘मोमेंट ऑफ इनर्शिया अबाउट द डायमीटर’. दुसऱ्यात मराठी, ‘व्यासाभोवतीचं जडत्व आघूर्ण’. तिसऱ्यात एकक. एकक हा दोन्ही भाषांचा पंच: ‘मोमेंट’च्या पुढे सेकंद लिहायला गेलात तर क्षणाची चूक जागच्या जागी पकडली जाते.

मराठी रकान्यालाही मर्यादा आहे. मराठी शब्द सगळीकडे एकच नाहीत. मराठी विश्वकोश याच राशीला निरूढी परिबल म्हणतो, आणि बाजारातली हिंदी पुस्तकं वस्तुमानाला द्रव्यमान म्हणतात. त्यामुळे मराठी शब्द अर्थ समजण्यासाठी धरावा, परीक्षेत शब्द ओळखायचा तो इंग्रजीच. नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येतात, सीईटीचं भौतिकशास्त्रही मराठीत मिळतं, पण तिथला गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. आणि नीटमध्ये भाषांतराबद्दल शंका निघाली तर इंग्रजी मजकूरच अंतिम मानला जातो. मराठी प्रश्नपत्रिका घेतली असली, तरी वाक्य खटकलं की शेजारचं इंग्रजी वाक्य वाचा, आणि उत्तर त्याच्यावरूनच ठरवा.