रोहयोची हजेरी आणि लुकासचा आक्षेप

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत 1988 साली मजुरी किमान वेतनाच्या पातळीवर आणली गेली आणि जवळपास दुप्पट झाली. त्याआधीच्या आकड्यांत एक ठरलेली लय होती. शेतीची कामं आटोपली की हजेरी चढायची, पेरण्या लागल्या की उतरायची. त्या हिशेबाने हजेरी निदान तशीच राहायला, आणि वाढीव मजुरीवर तर गर्दी उसळायला हवी होती. उलट रोजगार चांगलाच घटला. रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी जुन्या आकड्यांवरून अंदाज बांधून प्रत्यक्षाशी ताडून पाहिला, तेव्हा कारण दिसलं: मागेल त्याला काम मिळणं कमी झालं होतं. माणसं होती, कामं निघत नव्हती.

जुन्या आकड्यांवरून नव्या धोरणाचा अंदाज बांधण्यातला धोका अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लुकास यांनी 1976 मध्ये दाखवला. जुना आकडा जुन्या नियमाखाली वागणाऱ्या माणसांचा असतो. नियम बदलला की अपेक्षा बदलतात, मग वागणंही.

शहापूर तालुक्यातल्या सापगावसारख्या गावातला मजूर घ्या. उन्हाळ्यात काम नक्की मिळेल असा भरवसा असेल, तर तो गावात थांबेल. भरवसा गेला, की भातकापणीनंतरच वीटभट्टीवाल्याची उचल घेऊन बिऱ्हाड हलवेल. मग उन्हाळ्यात हजेरीपट रिकामा दिसतो आणि कामाची मागणीच नाही, असा चुकीचा अर्थ निघतो. म्हणून हजेरीबरोबर किती जणांनी काम मागितलं आणि किती जण काम न मिळता परतले, हेही मोजावं लागतं.