पाच मिनिटांची मदत

ॲडम रिफ्किन हा कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये शिकणारा विद्यार्थी. १९९४च्या सुमारास, इंटरनेट अजून रांगत होतं तेव्हा, त्याने ‘ग्रीन डे’ या आपल्या आवडत्या बँडसाठी एक पान तयार केलं. पान चाललं, तशी एका अनोळखी माणसाची ईमेलने तक्रार आली : ग्रीन डे म्हणजे काही अस्सल पंक रॉक नव्हे! एखाद्या कट्टर चाहत्याने अशा पत्राला झोंबणारं उत्तर दिलं असतं. रिफ्किनने मात्र अस्सल पंक बँडसाठी वेगळं पान काढलं आणि आपले वाचक तिकडे पाठवायला सुरुवात केली.

तक्रार करणारा होता ग्रॅहम स्पेन्सर, ‘एक्साइट’ या सर्च इंजिनचा एक संस्थापक. १९९९मध्ये ही कंपनी अब्जावधी डॉलरना विकली गेली. त्या ईमेलनंतर साधारण पाच वर्षांनी रिफ्किनला स्वतःची कंपनी काढायची होती. त्याने स्पेन्सरकडे सल्ला मागितला, आणि स्पेन्सरने त्याची गाठ थेट एका गुंतवणूकदाराशी घालून दिली. ॲडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने २०१३च्या ‘गिव्ह अँड टेक’ या पुस्तकात ही हकिकत सांगितली आहे. ‘फॉर्च्यून’ मासिकाने २०११मध्ये शोध घेतला, तेव्हा त्यांच्या याद्यांमधल्या बड्या मंडळींशी लिंक्डइनवर सर्वाधिक जोडलेला माणूस हाच निघाला.

रिफ्किनचा नियम सोपा आहे : पाच मिनिटांत होणारी मदत कुणालाही करावी. पण त्यात एक मेख आहे. ती पाच मिनिटं देणाऱ्याची असतात. घेणाऱ्याची किती जातात? पंक बँडचं पान काढताना स्पेन्सरला काहीच करावं लागलं नाही. खटपट रिफ्किनने केली. नव्या ओळखीच्या माणसाला काही देताना त्याचं काम कमी होतंय की वाढतंय, इथेच बहुतेकांचं चुकतं.

उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका प्रदर्शनात एका सीएची सोलापूरच्या उद्योजिकेशी ओळख होते. ती ज्वारीची कडक भाकरी पाकिटांतून विकते आणि मुंबईच्या बाजूला गिऱ्हाईक शोधते आहे. सीएच्या वर्गमित्राची डोंबिवलीत किराणा मालाची तीन दुकानं आहेत. आपल्याकडची सर्रास रीत अशी, की तिथेच उभ्या उभ्या तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप करायचा आणि लिहायचं : ‘तुम्ही दोघं बोलून घ्या.’ देणाऱ्याला वाटतं, झालं काम. मित्राचा नंबर मात्र त्याला न विचारता वाटला गेलेला असतो. त्याला नको असेल, तर ओळखीतल्या माणसासमोर नाही म्हणायची वेळ येते. मग तो नाही म्हणत नाही. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो आणि गप्प बसतो. तिकडे ती महिनाभर वाट पाहते.

नीट करायचं, तर सुरुवात तिच्यापासून व्हायला हवी. ‘ताई, तुम्हाला दुकानदार हवाय की वितरक? आठवड्याला किती पाकिटं देऊ शकाल? माल किती दिवस टिकतो? अन्न परवाना झालाय?’ या उत्तरांच्या चार ओळी तिनेच लिहून द्यायच्या, म्हणजे त्या जशाच्या तशा पुढे पाठवता येतात. मग मित्राला एकट्याला गाठायचं : ‘या चार ओळी वाच. बोलावंसं वाटलं तर ओळख करून देतो. नको असेल तर बिनधास्त सांग, तिला मी समजावतो.’ त्याचा होकार आला की मगच दोघांना एकत्र निरोप. त्यात कोण कोण आहे, ओळख कशासाठी आणि पहिला फोन कुणी, कधी करायचा, एवढं असलं की पुरे. त्यानंतर सीएने बाजूला व्हायचं. भाव ठरवायला तो मध्ये बसला, तर ओळखीची दलाली होते.

सिलिकॉन व्हॅलीत या दुहेरी होकाराला ‘डबल ऑप्ट-इन’ म्हणतात. एखाद-दोन दिवस जास्त लागतात, हे खरं. पण जमलेली गाठ टिकते, आणि न जमलेल्या गाठीत कुणाचं तोंड पडत नाही.

अशा जेमतेम ओळखींचं मोल समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्येच दाखवून दिलं होतं. बोस्टनजवळ ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं : ज्याने ही खबर दिली, तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणाऱ्याकडून २७.८ टक्के. कारण उघड आहे. रोजच्या मित्रांना जे ठाऊक असतं, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. सोलापूरच्या भाकरीला डोंबिवलीचं दुकान सोलापूरच्या मैत्रिणी सहसा दाखवू शकत नाहीत.

अभिप्राय देणं याहून नाजूक. प्रदर्शनात तिने चाखायला पाकीट दिलं, तर ‘मस्त आहे’ने तिच्या पदरी काही पडत नाही आणि दहा सूचनांनी ती गांगरते. आधी विचारावं : ‘एक गोष्ट खटकली, सांगू का?’ ती हो म्हणाली, तर डोळ्यांना जे दिसलं तेवढंच सांगावं. उदाहरणार्थ, उत्पादनाची तारीख पाकिटाच्या जोडावर छापली गेलीय, त्यामुळे ती वाचताच येत नाही. ही गोष्ट ती पुढच्या छपाईत दुरुस्त करू शकते. ‘ब्रँडिंग जरा प्रीमियम करा’ हे ऐकून ती नेमकं काय करणार? सांगणाऱ्याने पुरेसं पाहिलेलं नाही, याचीच ती कबुली असते.

माहिती देण्यातही तेच. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची योजना, पीएमएफएमई, २०२०मध्ये सुरू झाली. तिच्यात कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाख रुपये. योजनेची जाडजूड पीडीएफ पाठवणं म्हणजे तिला गृहपाठ देणं. त्यापेक्षा सीएने आधी पाहावं, की सध्या नवे अर्ज घेतले जाताहेत का आणि तिचा व्यवसाय पात्र ठरतो का. मग दोन ओळींत कळवावं, की प्रकल्प अहवाल आणि बँकेच्या कामात मदत करायला या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते, तिच्याकडे जा. पाठवायच्या आधीच्या या तपासणीत अर्धा तास जाईल, आणि खरी मदत तीच आहे.

अर्थात, अशी अर्धी अर्धी तासं रोज चौघांना दिली, तर सीएची स्वतःची विवरणपत्रं कोण भरणार? फ्रँक फ्लिन यांनी २००३मध्ये एका दूरसंचार कंपनीतल्या सुमारे १६० अभियंत्यांच्या देवाणघेवाणीचा अभ्यास केला. जे घेतलेल्यापेक्षा खूप जास्त देत होते, त्यांना मान मिळत होता, पण त्यांचं काम मागे पडत होतं. मान आणि काम दोन्ही राखलं ते वरचेवर देणाऱ्या आणि वरचेवर घेणाऱ्यांनी.

म्हणून ‘तुम्हाला माझ्याकडून काही लागलं तर सांगा’ असं ती उद्योजिका म्हणाली, तर ‘छे छे, काही नको’ म्हणून विषय मिटवणं फारसं शहाणपणाचं नाही. त्याने तिच्या डोक्यावर नुसतं ओझं राहतं. सीएने सरळ विचारावं, की मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी थेट शेतकऱ्याकडून घ्यायची झाली, तर कुणाकडून घ्यावी. हे तिला पाच मिनिटांत सांगता येईल.