नातं लिहा, दुखणं नको

सोसायटीच्या कार्यकारिणीची सभा चालू आहे, असं समजू. विषय क्रमांक ४ : सदनिका ६०३ ची थकबाकी. चौदा महिन्यांचा मेंटेनन्स आलेला नाही, नोटिसा देऊन झाल्या आहेत आणि आता वसुली दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे अर्ज करायचा की नाही, हे ठरवायचं आहे. विषय पुकारल्यावर खजिनदार म्हणतात, "६०३ मध्ये माझी सख्खी बहीण राहते. मेव्हण्यांची नोकरी गेलीय, तिची किमोथेरपी चालू आहे, दर महिन्याला घरखर्चाला पैसे मीच देतो. या विषयात मला धरू नका." एवढं बोलून ते बाहेर जातात. सचिव कानावर पडलेला शब्द न् शब्द इतिवृत्तात उतरवतात.

हेतूत दोघांच्याही खोट नाही. खजिनदारांनी तर उपविधींना धरूनच केलं. ज्या विषयात समिती सदस्याचा वैयक्तिक हितसंबंध आहे, त्या विषयावर चर्चा चालू असताना त्याने सभेत हजर राहू नये, असं गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सांगितलेलं आहे. अडचण आहे ती सचिवांनी लिहिलेल्या परिच्छेदाची. त्यात ज्या बाईचा आजार नोंदला गेला, ती सभेत नव्हती आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

आता हे इतिवृत्त कोण वाचतं ते पाहा. सहकारी कायद्यानुसार सर्वसाधारण सभेचंच नव्हे, तर समितीच्या सभेचं इतिवृत्तही प्रत्येक सभासदाला संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतं आणि शुल्क भरून त्याची नक्कल घेता येते. कंपन्यांत तसं नाही. तिथे भागधारकांना सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त पाहायला मिळतं, संचालक मंडळाचं नाही. म्हणजे सोसायटीच्या समितीने लिहिलेली ओळ कंपनीच्या बोर्डरूममधल्या ओळीपेक्षा कितीतरी जास्त डोळ्यांखालून जाते. शिवाय ते पुस्तक लेखापरीक्षकासमोर जातं, वाद झाला तर सहकार न्यायालयात जातं, आणि त्याचा फोटो इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडायला एक मिनिट पुरतं.

तेव्हा लिहायचं काय? माझ्या मते या प्रसंगाची पूर्ण नोंद एवढीच असावी :

"विषय क्र. ४ : चर्चा सुरू होण्यापूर्वी खजिनदारांनी सदनिका ६०३ च्या सभासदाशी निकटचे कौटुंबिक नाते असल्याचे जाहीर केले व ते सायं. ७.४० वाजता सभेतून बाहेर गेले. त्यांनी चर्चेत व मतदानात भाग घेतला नाही. उर्वरित ६ सदस्य उपस्थित असल्याने गणपूर्ती कायम होती. ठराव संमत झाल्यावर ते ७.५५ वाजता सभेत परत आले."

यातल्या प्रत्येक तपशिलाला काम आहे. कोण आणि कोणत्या विषयासाठी, हे कळतं. चर्चेआधी जाहीर केलं की अर्धी चर्चा ऐकून झाल्यावर, हेही कळतं, आणि नंतर भांडण होतं ते बहुधा याच मुद्द्यावर. गणपूर्तीचं वाक्य तर बऱ्याच इतिवृत्तांत नसतंच. समिती अकरा जणांची असेल आणि गणपूर्ती सहाची, तर सात जणांच्या सभेतून एक उठला की काटावर सहा उरतात. सभेला सहाच आले असते, तर खजिनदार बाहेर पडताच या विषयावरचा निर्णय अडचणीत आला असता. म्हणून बाहेर गेलेल्याला न धरता उरलेल्यांची संख्या लिहावी.

आजार, नोकरी आणि घरखर्च मी गाळले, त्यामागची कसोटी सोपी आहे. तो तपशील काढून टाकला, तर खजिनदारांनी बाहेर जाण्याचं कारण उरतं का? बहीण ठणठणीत असती, मेव्हणे नोकरीत असते, तरीही त्यांना उठावंच लागलं असतं. कारण नात्यात आहे, दुखण्यात नाही. कंपनी कायद्याचं कलम १८४ ही संचालकाकडून हितसंबंधाचं स्वरूप मागतं. त्याच्या घरची कहाणी मागत नाही. ६०३ च्या सभासदाला आजारपणामुळे हप्ते बांधून हवे असतील, तर त्याने तसा स्वतंत्र अर्ज करावा. इतिवृत्तात "वैयक्तिक अडचणीच्या कारणास्तव केलेला अर्ज विचारात घेतला" एवढं पुरतं आणि वैद्यकीय कागद सचिवांच्या बंद फाइलमध्ये राहतात.

काही सचिव मात्र घाबरून दुसरं टोक गाठतात आणि "खजिनदार वैयक्तिक कारणास्तव बाहेर गेले" असं लिहून मोकळे होतात. हे मला अजिबात मान्य नाही. फोन घ्यायला गेलेला माणूसही वैयक्तिक कारणास्तवच जातो. दोन वर्षांनी कुणी तक्रार केली की खजिनदारांनी बहिणीला पाठीशी घातलं, तर त्यांचा खरेपणा सिद्ध करणारा एकमेव कागद तेव्हा काहीच बोलणार नाही.

आणि विषय पैशाच्या कंत्राटाचा असेल, तर जास्त उघडपणे लिहावं लागतं. समजा, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन दरपत्रकं आली आहेत आणि त्यातल्या एका फर्ममध्ये समिती सदस्याची पत्नी भागीदार आहे. इथे "निकटचे नाते" एवढ्यावर भागत नाही. कोणती फर्म आणि त्या फर्ममध्ये पत्नीचं स्थान काय, हे नोंदलंच पाहिजे, कारण उरलेल्या दोन ठेकेदारांना आणि सभासदांना तेवढं कळण्याचा हक्क आहे. शिवाय संस्थेशी होणाऱ्या कंत्राटात समिती सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध उपविधींना चालत नाही. म्हणून नुसतं बाहेर जाऊन भागणार नाही, ते दरपत्रक विचारात घ्यायचं का हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो. खासगीपणाचं नाव पुढे करून फर्मचं नाव झाकणं म्हणजे लपवाछपवीच. पत्नीचं उत्पन्न किती, तिने भागभांडवल कुठून उभं केलं, हे मात्र इथेही नको.

हे सगळं जमण्याची जागा सभाच आहे, सभेनंतरचं टेबल नाही. विषयपत्रिकेतला कुठलाही विषय घेण्याआधी अध्यक्षांनी विचारावं, "आजच्या विषयांत कुणाचा हितसंबंध आहे का?" सदस्य भावनेच्या भरात घरचं सांगू लागला, तर सचिवांनी हळूच थांबवून म्हणावं, "मी 'निकटचे कौटुंबिक नाते' असं लिहितो, चालेल?" ते वाक्य तिथेच वाचून दाखवावं. सदस्याला आपण काय जाहीर केलं ते नेमकं कळतं आणि बाकीच्यांसमोर शब्द पक्के होतात. सभेत बोललेलं परत घेता येत नाही, पण ते कागदावर येणं तेवढ्यात थांबतं.

जास्तीचं लिहून झालंच असेल, तर इतिवृत्त कायम झालं की नाही यावर पुढचं अवलंबून आहे. कायम होण्याआधी तो मसुदाच असतो. पुढच्या सभेत दुरुस्ती सुचवून ती वाक्यं गाळावीत आणि दुरुस्त मसुदा कायम करावा. एकदा कायम होऊन सही झाली की पुस्तकाला व्हाइटनर लावायचा नाही आणि पानही फाडायचं नाही. त्याने खाडाखोडीचा संशय येतो आणि सगळं पुस्तकच संशयास्पद होतं. अशा वेळी समितीने ठराव करावा की अमुक तारखेच्या इतिवृत्तातला वैद्यकीय तपशील निर्णयाशी संबंधित नव्हता आणि सभासदांना नक्कल देताना तो झाकला जाईल. मूळ पान शाबूत राहतं. लेखापरीक्षकाने किंवा उपनिबंधकांनी मागितलं, तर तेच दाखवायचं.

झाकण्याचं कामही नीट हवं. मार्करने काळी केलेली ओळ कागद उजेडासमोर धरला की बऱ्याचदा वाचता येते, म्हणून आधी झेरॉक्स काढावी, तिच्यावर ओळ झाकावी आणि त्या झाकलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढून ती द्यावी. पीडीएफमध्ये नुसता काळा चौकोन ठेवला, तर खालची अक्षरं फाइलमध्येच राहतात. ती निवडून दुसरीकडे चिकटवली की किमोथेरपी हा शब्द जसाच्या तसा उमटतो. त्यापेक्षा झाकलेली छापील प्रत स्कॅन करून पाठवावी, आणि पाठवण्याआधी त्या फाइलमध्ये तो शब्द शोधून तो सापडत नाही याची खात्री करावी.