काम मधेच वाढते तेव्हा: सुधारित कोटेशनचे पत्र

सुधारित कोटेशनचे पत्र म्हणजे नवा दर कळवणारी चिठ्ठी नव्हे. ठरलेले काम आणि आता करावे लागणारे काम यांत नेमका काय फरक पडला, तो कोणामुळे पडला आणि त्याचे काय करायचे हे ग्राहकाने ठरवावे, यासाठी ते लिहिलेले असते. त्यामुळे ते वाढीव काम सुरू होण्यापूर्वी ग्राहकाच्या हातात पडले पाहिजे. काम उरकल्यावर पाठवलेल्या कागदाला कोणतेही नाव दिले, तरी वाचणारा त्याला वाढीव बिलच म्हणतो आणि घासाघीस तिथूनच सुरू होते.

असे पत्र कसे तयार होते, हे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या कामावरून चांगले समजते. झाकलेल्या थराखाली काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही आणि एकदा माणसे गच्चीवर चढली की सभासदांना आणखी दोन कामे आठवतात. समजा, ठाण्यातील एका जुन्या गृहनिर्माण संस्थेची 50 फूट बाय 40 फूट, म्हणजे 2,000 चौरस फुटांची गच्ची आहे. ठेकेदाराने 21 एप्रिलला दिलेल्या कोटेशनमध्ये चार बाबी होत्या. जुना चायना मोझॅक काढणे चौरस फुटाला 18 रुपये, खालच्या कोब्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात 42 रुपये, नवा चायना मोझॅक 70 रुपये, आणि पॅरापेटच्या पायथ्याशी गोलाईचा वाटा 180 फूट, फुटाला 60 रुपये. एकूण 2,70,800 रुपये; 18 टक्के जीएसटी धरून 3,19,544. काम 2 मेला सुरू होऊन 20 मेपर्यंत संपायचे होते. संस्थेने 1,25,000 रुपये आगाऊ दिले.

मोझॅक निघाल्यावर पश्चिमेकडच्या भागात कोबा हातोडीने ठोकला, तर आवाज पोकळ आला. विटांच्या तुकड्यांचा कोबा स्लॅबला धरून असेल तर आवाज भरीव येतो. पोकळ आवाजाचा अर्थ मसाला सुटला आहे आणि खाली पाणी फिरते आहे. दोन ठिकाणी फूटभर चौकोन उघडून पाहिले, तर विटांचे तुकडे हातानेच निघाले आणि खालचा भाग ओला होता. त्याच सुमारास संस्थेच्या सचिवांनी पॅरापेटच्या आतल्या बाजूचे फुगलेले प्लास्टरही करून टाका, असे सांगितले. म्हणजे काम दोन अगदी वेगळ्या कारणांनी वाढले.

पत्राची निम्मी तयारी गच्चीवरच होते. पोकळ भागाची कड खडूने आखायची, समितीच्या एखाद्या सदस्यासमोर टेपने मोजायची, आखणीसह आणि उघडलेल्या चौकोनांसह फोटो काढायचे, आणि मोजमाप वहीत लिहून त्या सदस्याची सही घ्यायची. इथे ते 600 चौरस फूट भरले. ही सही वाढीव खर्चाला मंजुरी नव्हे. कोबा खराब आहे आणि तो एवढा आहे, इतकेच ती सांगते, पण पुढे वाद झालाच तर तो निदान दरापुरता राहतो. पत्र जाईपर्यंत संपूर्ण पोकळ भाग फोडून ठेवणे मात्र चुकीचे. उघडा स्लॅब दाखवून मागितलेली मंजुरी ग्राहकाला अडवणूक वाटते. वळवाची एक सर आली तर वरच्या मजल्यावर पाणी गळते ते वेगळेच.

वाढ दोन कारणांनी झाली असेल तर पत्रातही ती दोन जागी दिसली पाहिजे. ग्राहकाने सांगितलेले काम आणि कामात सापडलेला दोष एकाच ‘जादा काम’ या शीर्षकाखाली घातले, की वाचणाऱ्याला सगळीच वाढ ठेकेदाराची वाटते. तिसरी जागा वजावटीची, आणि सर्वाधिक पत्रांत गाळली जाते ती हीच. पोकळ भागातला कोबा नव्याने घालताना त्याचे वॉटरप्रूफिंग स्लॅबपासूनच होते आणि ते कोब्याच्या दरात धरलेले असते. मग त्या 600 फुटांवर मूळ कोटेशनमधले 42 रुपयांचे दोन हात लागत नाहीत. ते 25,200 रुपये ठेकेदाराने आपणहून वजा केले, तर उरलेल्या आकड्यांवर विश्वास बसतो. समितीतल्या एखाद्या निवृत्त अभियंत्याने ते शोधून काढले, तर प्रत्येक ओळ तपासली जाते. तसे तपासणारे गृहस्थ बहुतेक समित्यांत असतातच.

पत्राचा मुख्य भाग साधारण असा होतो:

मा. सचिव यांस, स.न.
विषय: गच्ची वॉटरप्रूफिंग, सुधारित कोटेशन क्र. 47-अ, दि. 8 मे
संदर्भ: आमचे कोटेशन क्र. 47, दि. 21 एप्रिल

वरील काम सुरू असताना पश्चिम भागातील 600 चौ. फू. कोबा पोकळ आढळला. 6 मे रोजी आपल्या प्रतिनिधींसमक्ष मोजमाप झाले असून त्याची प्रत व फोटो सोबत आहेत. तसेच पॅरापेटच्या आतील प्लास्टरबाबत आपण 7 मे रोजी तोंडी सूचना दिली. त्यानुसार होणारा बदल असा:

कामात आढळलेले: पोकळ कोबा फोडून राबिट हलवणे, 600 चौ. फू., दर 35 रु. = 21,000 रु. नवा विटांचा कोबा, 600 चौ. फू., दर 110 रु. = 66,000 रु.
वजा: वॉटरप्रूफिंगचे दोन हात, 600 चौ. फू., दर 42 रु. = 25,200 रु.
आपल्या सूचनेनुसार: पॅरापेटचे आतील प्लास्टर, 180 फूट × 3 फूट = 540 चौ. फू., दर 65 रु. = 35,100 रु.
निव्वळ वाढ 96,900 रु. मूळ रक्कम 2,70,800 रु. सुधारित रक्कम 3,67,700 रु., जीएसटीसह 4,33,886 रु. मिळालेली आगाऊ रक्कम 1,25,000 रु. वजा जाता शिल्लक 3,08,886 रु.

मूळ कोटेशनमधील दर व अटी कायम आहेत. कोब्याचे बिल प्रत्यक्ष मोजमापानुसार होईल. क्षेत्र 650 चौ. फुटांवर जात असल्यास पुन्हा लेखी मंजुरी घेऊ.

या मजकुरात सबबीचा एकही शब्द नाही. ‘नाइलाजाने’, ‘साहित्याचे भाव वाढल्याने’, ‘आपल्याच हितासाठी’ असले शब्द आले की आकडा कच्चा असल्याचा संशय येतो. मूळ दर कायम असल्याचे वाक्यही सवयीने घातलेले नाही. ज्या बाबी बदललेल्याच नाहीत त्यांचे दर या निमित्ताने हळूच वर सरकवणे ही बाजारातली जुनी खोड आहे; ग्राहक पहिल्यांदा तेच शोधतो. 650 फुटांच्या मर्यादेचा उपयोग दोघांनाही आहे. फोडताना कड थोडी इकडेतिकडे होणारच, पण समितीला जास्तीत जास्त किती पैसे उभे करावे लागतील ते आजच कळते.

प्रत्येक वाढीला असे पत्र चालत नाही. मोजताना वाटा धरायचाच राहिला, मजुरीचा अंदाज चुकला किंवा सिमेंट महागले, तर कामाची व्याप्ती बदललेली नसते. आधीच्या कोटेशनमध्ये तशी अट नसेल तर तो खर्च ठेकेदाराचाच. झाकलेल्या दोषाबाबतही मूळ कोटेशनमधील शब्द बघावे लागतात. ‘कोबा सुस्थितीत असल्याचे गृहीत धरून’ असे लिहिले असेल तर बाजू भक्कम असते. ‘गच्ची संपूर्ण गळतीमुक्त करून देणे, एकरकमी’ असे लिहून बसलेल्याला पोकळ कोब्याचे वेगळे पैसे मागणे जड जाते.

आकड्यांनंतर निवडीचा परिच्छेद येतो. संस्थेपुढे या प्रसंगी तीन वाटा आहेत. दोन्ही कामे केल्यास 4,33,886 रुपये. प्लास्टर पुढच्या वर्षावर टाकून केवळ कोबा बदलल्यास 3,92,468. आणि काहीच न बदलता मूळ कामच केल्यास 3,19,544, मात्र पोकळ 600 फुटांवर गळतीची हमी राहणार नाही. ही तिसरी वाट लिहायला ठेकेदार कचरतात, कारण ग्राहक स्वस्तातली निवड करेल अशी धास्ती असते. परंतु ती न लिहिता गुपचूप पोकळ कोब्यावर हात मारला, तर पहिल्याच पावसात फोन ठेकेदारालाच येतो.

मुदतीचा हिशेबही त्याच पत्रात हवा. नव्या कोब्यावर सात दिवस पाणी साठवून ठेवावे लागते. फोडण्याचे, भरण्याचे आणि प्लास्टरचे दिवस धरून काम 20 मेऐवजी 1 जूनला संपेल. मुंबई-ठाण्याकडे पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, तेव्हा हाताशी फार दिवस उरत नाहीत. म्हणून उत्तरासाठी 12 मे ही तारीख देताना कारणही द्यावे: पॅरापेटचे प्लास्टर आधी आणि वाटा नंतर, असा क्रम असल्याने निर्णय होईपर्यंत वाटा धरता येत नाही; उरलेल्या 1,400 फुटांचे काम तोपर्यंत चालू राहील. कारणाशिवाय दिलेली तारीख समितीला धमकी वाटते.

ग्राहक संस्था असेल तर सचिवांचे तोंडी ‘करून टाका’ पुरत नाही. सर्वसाधारण सभेला न विचारता समिती दुरुस्तीवर किती खर्च करू शकते, याची मर्यादा उपविधींत घातलेली असते. मूळ खर्च सभेने मंजूर केला असेल तर वाढीव रकमेसाठी ठराव लागेल का, हे सचिवांनी पाहायचे असते. ठेकेदाराने पत्रात ‘अधिकृत सही व शिक्क्यासह मंजुरी द्यावी’ एवढे लिहिले की प्रश्न योग्य वेळी निघतो.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 62 नुसार दोन्ही पक्षांच्या संमतीने करारात बदल करता येतो. एकट्याने पाठवलेल्या पत्राने करार बदलत नाही. त्यावरच्या होकाराने बदलतो. होकार ई-मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आला तरी कामाचा आहे, पण त्यात कोटेशनचा क्रमांक आणि रक्कम असावी; नुसत्या अंगठ्याच्या चित्रावरून कोणती निवड मान्य झाली ते कळत नाही. मंजुरीविना काम करून बसलेल्याला कलम 70 चा आधार शोधता येतो. फुकट न करण्याच्या हेतूने केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर त्याने भरपाई द्यावी असे ते कलम सांगते. मात्र तिथे दर ठरलेला नसल्याने योग्य मोबदला किती, हे सिद्ध करत बसावे लागते. हजारांच्या रकमेसाठी त्या वाटेने कोणी फारसे जात नाही.

होकार आल्यावर 47-अ ची सही केलेली प्रत मूळ कोटेशनला जोडली जाते आणि शेवटचे बिल त्याच क्रमाने, त्याच बाबींच्या नावांनी निघते. या गच्चीवर प्रत्यक्षात 585 फूट कोबा फोडावा लागला, असे धरले तर फोडणे आणि भरणे मिळून 84,825 रुपये होतात, वजावट 24,570 ची होते आणि बिल सुधारित कोटेशनपेक्षा जीएसटीसह 1,823 रुपयांनी कमी येते.