विंचची खरी परीक्षा भरल्या ड्रमवर

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरातला एखादा ट्रॉलर घेऊ. जाळं ओढणाऱ्या वायररोपवर एक टन, म्हणजे साधारण १० हजार न्यूटन ओढ हवी आणि रोप मिनिटाला ३० मीटर आत यावा, एवढीच तांडेलची मागणी. त्यासाठी हायड्रॉलिक मोटर केवढी लागेल?

हिशेब ड्रमपासून सुरू होतो. रिकाम्या ड्रमची त्रिज्या १२ सेंटीमीटर असली, तरी रोपाचे थर चढत गेले की ती २० सेंटीमीटर होते. ओढ तीच, पण त्रिज्या वाढली की टॉर्कही वाढतो. म्हणून गणित भरल्या ड्रमवर करायचं: १०,००० गुणिले ०.२, म्हणजे २,००० न्यूटन-मीटर. मध्ये पाचास एकचा गिअरबॉक्स असेल आणि त्यात पाच टक्के शक्ती वाया जात असेल, तर मोटरच्या वाट्याला ४२१ न्यूटन-मीटर येतात.

मोटरचा टॉर्क दोन गोष्टींवर ठरतो: एका फेरीत ती किती तेल घेते आणि तिच्या दोन तोंडांमधल्या दाबात किती फरक आहे. बारमधला हा फरक सीसीतल्या तेलाने गुणायचा आणि ६२.८ ने भागायचं. २५० सीसीची मोटर १४० बारला कागदावर ५५७ न्यूटन-मीटर देते. घर्षण वजा जाता, फिरत असताना त्यातले ८५ टक्के, म्हणजे ४७४ मिळतात. काम भागलं असं वाटतं.

पण जाळं भरलेलं असताना विंच थांबली आणि पुन्हा सुरू करायची वेळ आली, तर? थांबलेल्या मोटरला आतलं घर्षण जास्त जाचतं. तेव्हा ७५ टक्केच टॉर्क मिळतो असं धरलं, तर हाती ४१८ येतात. तीन न्यूटन-मीटरसाठी ड्रम जागचा हलत नाही. ३१५ सीसीची मोटर घेतली, तर तोच भार ११२ बारला उचलला जातो.

आता वेग. भरल्या ड्रमच्या एका फेरीत सव्वा मीटर रोप येतो, म्हणजे ड्रमला मिनिटाला २४ फेऱ्या आणि मोटरला १२० हव्यात. त्याला ३८ लिटर तेल लागतं. आतल्या गळतीची भर घालून पंप ४१ लिटरचा बघायचा. रोप सोडून ड्रम जवळजवळ रिकामा झाला, की तेवढ्याच तेलात वेग १८ मीटरवर येतो.

वेग कमी पडतो म्हणून लहान मोटर बसवली, तर टॉर्क हातचा जातो. मग रिलीफ व्हॉल्व्ह पिळून दाब वाढवला जातो आणि धोका रोपाकडे सरकतो. या ३१५ सीसीच्या मोटरवर तो १२० बारला लावला, तरी रिकाम्या ड्रमवर ओढ दोन टनांच्या घरात जाते. त्यामुळे रोप आणि त्याची कडी एका टनावर नव्हे, या दोन टनांवर सुरक्षिततेची पट धरून निवडावी लागते.