गल्ला वाढला, नफा घटला

| | मार्च | मे |
|---|---|---|
| विक्री | २,००,००० | २,४०,००० |
| वापरलेला माल | ७६,००० | १,०२,००० |
| ढोबळ नफा | १,२४,००० | १,३८,००० |
| इतर खर्च | १,००,००० | १,१५,००० |
| निव्वळ नफा | २४,००० | २३,००० |
| निव्वळ मार्जिन | १२% | ९.६% |

वर्धा-सेवाग्राम रस्त्यावर कुणी नवा कॅफे टाकला, असं समजू. वरचे आकडे उदाहरणाचे आहेत, रुपयांत. विक्री ४० हजारांनी वाढली, तरी नफा हजाराने घटला. असं का झालं?

आधी विक्री. मेमध्ये गल्ल्यात प्रत्यक्ष २,५२,००० आले. त्यातले १२ हजार म्हणजे ५ टक्के जीएसटी. तो सरकारचा पैसा, आपल्याकडे फक्त थांबलेला. म्हणून विक्री २,४०,०००.

मालाच्या खर्चात नवखे लोक महिन्याची सगळी खरेदी धरतात. खरी रीत वेगळी: महिन्याच्या सुरुवातीचा साठा २४ हजार, अधिक खरेदी १ लाख, वजा शेवटी उरलेला साठा २२ हजार. वापरला गेला १,०२,००० चा माल. ५ टक्क्यांच्या या दरात खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, तेव्हा तोही खर्चातच धरायचा.

मार्चमध्ये १०० रुपयांच्या विक्रीमागे ३८ रुपयांचा माल लागला, मेमध्ये साडेबेचाळीसचा. कारण उन्हाळा. पारा ४५ कडे सरकला की चहा मागे पडतो आणि कोल्ड कॉफी पुढे येते. १५ रुपयांच्या चहाला साडेचार रुपयांचा माल लागतो, म्हणजे ३० टक्के. ८० रुपयांच्या कोल्ड कॉफीला दूध, आइस्क्रीम, ग्लास, स्ट्रॉ धरून ३४ रुपये, म्हणजे साडेबेचाळीस टक्के. तरीही कोल्ड कॉफी बंद करायची नाही: चहामागे साडेदहा रुपये सुटतात, तिच्यामागे ४६. टक्का कमी असला तरी हाती रुपये जास्त. म्हणूनच मेचा ढोबळ नफा १४ हजारांनी वाढला.

मग तो गेला कुठे? एसी आणि डीप फ्रीजमुळे वीजबिल ९ हजारांनी चढलं आणि संध्याकाळच्या गर्दीसाठी ठेवलेल्या पोऱ्याला ६ हजार द्यावे लागले. ढोबळ नफ्यात आले १४, बाहेर गेले १५. तपासायची जागा इथेच आहे: जास्तीची विक्री आपल्यासोबत आलेला जास्तीचा खर्च भागवते का?

उरलेले २३ हजारही पुरते नफ्याचे नाहीत. मालक रोज बारा तास काउंटरवर उभा असतो. त्याच कामाला माणूस ठेवला असता तर १५ हजार गेले असते. शिवाय १,८०,००० चं कॉफी मशीन पाच वर्षं चालेल असं धरलं, तर महिन्याला ३ हजारांची झीज होते. दोन्ही वजा केल्यावर धंद्याचा नफा ५ हजार, मार्जिन जेमतेम २ टक्के. बाकीचे मालकाची मजुरी आणि मशीनची झीज.